‘हात आला’ आणि ‘हाताला’ : बोलत्या मराठीतील संधीविचार

मराठी व्याकरणाच्या कोणत्याही शालेय पुस्तकात संधीचे प्रकरण वर्णमालेनंतर लगेच येते. जवळजवळ आलेले दोन वर्ण एकत्र होणे म्हणजे संधी, अशी व्याख्या दिलेली असते आणि तिच्याखाली जगदीश, वाग्विहार, क्षुत्पिपासा, जगन्नाथ असे शब्द फोडून दाखवलेले असतात. स्पर्धा परीक्षांना बसणारी मुले हे विग्रह पाठ करतात. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मो. रा. वाळंबे यांच्या घरोघरी पोचलेल्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखना’पर्यंत व्याकरणाची मांडणी पुष्कळ बदलली, पण संधीच्या प्रकरणाचा मुख्य ऐवज संस्कृत शब्दांचाच राहिला. ‘नाहीसा’, ‘एकेक’ यांसारखी मराठी वळणाची थोडी उदाहरणे पूर्वरूप आणि पररूप या नावांखाली येतात, एवढेच.

या मांडणीवर माझा आक्षेप आहे, पण तो नेहमीचा नाही. संस्कृतचे ओझे मराठीवर कशाला, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात मला फारसा रस नाही. शाळेत शिकवले जाणारे प्रथम व्यंजन संधी आणि तृतीय व्यंजन संधी हे दोन नियम मराठी माणसाच्या तोंडात दिवसभर चालू असतात. पुस्तक मात्र ते केवळ तयार संस्कृत शब्दांत दाखवते आणि जिवंत जागी पाहत नाही. त्यामुळे दोन गोष्टी नजरेआड होतात. मराठी आणि संस्कृत यांचे संधिनियम कुठे सारखे आहेत हे कळत नाही, आणि ते नेमके कुठे वेगळे होतात हे तर मुळीच कळत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

आधी सारखेपणा पाहू. ‘एक गाडी’ हे दोन शब्द नेहमीच्या वेगाने, मध्ये न थांबता म्हणून पाहावेत. कानावर येते ते ‘एग्गाडी’. ‘एक पान’ म्हणताना क हा क राहतो. शंका वाटली तर गळ्याच्या घाटीवर बोट ठेवून दोन्ही म्हणावे. ‘एक पान’मध्ये ए संपल्यावर क्षणभर थरथर थांबते आणि पुढच्या आ बरोबर पुन्हा सुरू होते. ‘एग्गाडी’त ती मधल्या जोडव्यंजनातूनही चालू राहते. क् चा ग् झाला, म्हणजे वर्गातल्या पहिल्या व्यंजनाच्या जागी तिसरे आले. वाक् अधिक विहार बरोबर वाग्विहार शिकवताना फळ्यावर लिहितात तोच हा तृतीय व्यंजन संधी.

उलट दिशेचे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘दूध पी’ असे आई मुलाला म्हणते तेव्हा ती प्रत्यक्षात ‘दूत्पी’ म्हणत असते. ध् मधला घोष गेला, त्यातला ह सारखा श्वासही गेला, उरला त्. क्षुध् अधिक पिपासा बरोबर क्षुत्पिपासा, हे पुस्तकातले अवघड वाटणारे उदाहरण अक्षरशः हेच आहे. तिथेही ध् पुढे प येतो आणि त् होतो. क्षुत्पिपासा हा शब्द आयुष्यात एकदाही न वापरणारे मूल रोज सकाळी दुधाच्या पेल्यापाशी त्याचा नियम ऐकते.

हे बदल होऊ शकतात याचे कारण मराठीच्या लिपीत लपलेले आहे. ‘एक’, ‘दूध’, ‘आज’, ‘पाच’ हे शब्द आपण अकारान्त लिहितो, पण बोलताना शेवटचा अ उच्चारत नाही. कागदावर एक आणि गाडी यांच्यामध्ये अ उभा आहे. तोंडात मात्र क् आणि ग समोरासमोर येतात. ज्या शब्दांच्या शेवटी जोडाक्षर असते, तिथे तो अ थोडासा टिकतो आणि संधीही अडतो. ‘शब्द कळला’ म्हणताना द चा त होत नाही, कारण द आणि क यांच्यात बारीकसा स्वर शिल्लक असतो. गाण्यातही हाच अनुभव येतो. भजनात किंवा ओवीत शेवटचा अ लांबवून म्हटला की ‘एक’मधला क पुन्हा स्वच्छ क होतो, पुढे ग असो की द. एकच माणूस तेच शब्द गातो तेव्हा संधी नाही आणि बोलतो तेव्हा आहे.

आता एक साधे वाक्य घेऊन त्यातून शेवटपर्यंत जाऊ. कोणी घरात येऊन सांगतो : ‘आज पाच जण एक गाडी घेऊन नागपूरला गेले, आठ दिवस थांबणार आहेत.’ बोलण्यातले हे वाक्य कानाने लिहायचे तर असे काहीसे लिहावे लागेल : ‘आच्पाज्जणेग्गाडी घेऊन्नाक्पूर्ला गेले, आड्दिवस्थांबणारेत.’ लेखनात हे विचित्र दिसते. ऐकताना कोणालाही त्यात काही विचित्र वाटत नाही.

पहिला शब्द ‘आज’. त्याच्या ज पुढे प आला, प अघोष, म्हणून ज चा च झाला. ‘राजकारण’ आपण ‘राच्कारण’ म्हणतो आणि ‘आजकाल’ला ‘आच्काल’, तोच प्रकार. पुढचा शब्द ‘पाच’. त्याच्या शेवटी च आहे, पण समोर ‘जण’ आहे, म्हणून या वेळी च चा ज झाला. एकाच वाक्यात लागोपाठच्या दोन शब्दांत ज चा च आणि च चा ज झाला, आणि बोलणाऱ्याला दोन्हींची जाणीव नाही. या च आणि ज चा उच्चार चमच्यातल्या च सारखा, दातांजवळचा आहे, हेही जाता जाता लक्षात ठेवावे. लिपी तो भेद दाखवत नाही. ‘जण एक’मध्ये ण नुसता पुढच्या स्वराला जाऊन मिळाला, बदल काही नाही. ‘एक गाडी’ आपण पाहिलेच. ‘नागपूर’ हा एकच शब्द असला तरी त्यात ग् आणि प शेजारी आले आहेत, तेव्हा ‘नाक्पूर’. ‘आठ दिवस’मध्ये ठ ची दोन लक्षणे गेली. पुढे घोष द आहे म्हणून तो घोष झाला आणि श्वासही सुटला, म्हणून ढ न होता ड झाला.

या सगळ्यात एक गोष्ट बदलत नाही, ती म्हणजे जिभेची जागा. ‘आड्दिवस’मध्ये ड मूर्धन्यच राहिला, द च्या ओढीने दंत्य झाला नाही. ‘एक दोन’ मोजताना ‘एग्दोन’ होते, ‘एद्दोन’ होत नाही. संस्कृतात सत् अधिक जन बरोबर सज्जन होताना जीभही जागा सोडते. मराठीत असे मुख्यतः त आणि द यांच्यापुढे च किंवा ज आला तरच ऐकू येते. ‘हात जोड’ हे ‘हाज्जोड’च्या जवळ जाते. घाईघाईच्या बोलण्यात ‘तीन महिने’चे ‘तीम्महिने’ होते, पण ते घाईचे लक्षण आहे आणि सावकाश बोलले की जाते. घोष आणि अघोष यांची अदलाबदल मात्र नेहमीच्या शांत बोलण्यातही होते. ती टाळायची तर शब्दांमध्ये थांबावे लागते किंवा पहिल्या शब्दावर मुद्दाम जोर द्यावा लागतो.

बदल नेहमी मागच्या ध्वनीवरच का होतो? क, त, प यांसारख्या स्पर्श व्यंजनाचे दोन भाग असतात. आधी तोंडातली वाट बंद होते, मग ती फट्‌कन उघडते. हा क की ग, यात श्वास आहे की नाही, हे ऐकणाऱ्याला मोठ्या प्रमाणात त्या उघडण्यावरून कळते. ‘एक गाडी’मध्ये क् साठी बंद केलेली वाट उघडायच्या आधीच ग साठी बंद करायची असते, म्हणून ती उघडतच नाही. क् ची ओळख पटवणारा क्षणच हरवतो. ‘आठ’मधल्या ठ चा श्वास त्या उघडण्याबरोबरच बाहेर पडायचा असतो, त्यामुळे तोही आपोआप जातो. पुढच्या ध्वनीचे उघडणे मात्र शाबूत असते, कारण त्याच्यामागे स्वर आहे. कमकुवत जागी असलेला ध्वनी भक्कम जागी असलेल्या ध्वनीसारखा होतो.

हे कारण बरोबर असेल तर त्यातून एक अपेक्षा निघते. पुढे स्वर आला तर क् चे उघडणे ऐकू येईल, आणि मग त्याला बदलण्याचे कारण उरणार नाही. मराठीत नेमके हेच घडते. ‘एक आंबा’ म्हणताना ‘एकांबा’ ऐकू येते, ‘एगांबा’ कोणीही म्हणत नाही. ‘हात आला’ कधी ‘हादाला’ होत नाही. पुढे म, न, ल, र असे ध्वनी आले तरीही बदल नाही. ‘एक माणूस’ हे ‘एक्माणूस’च राहते, ‘हात लाव’ हे ‘हात्लाव’च.

संस्कृतात मात्र इथेच वेगळा निकाल लागतो. जगत् अधिक ईश बरोबर जगदीश, म्हणजे स्वरापुढेही त् चा द् होतो. वाक् अधिक मय बरोबर वाङ्मय, म्हणजे म पुढे क् चा सरळ ङ् होतो. शाळेतली मुले ही दोन्ही रूपे पाठ करतात, पण आपल्या तोंडात ‘हात आला’चे ‘हादाला’ का होत नाही, ‘एक माणूस’चे ‘एङ्माणूस’ का होत नाही, हा प्रश्न वर्गात निघत नाही. निघायला हवा, कारण मराठीचा संधी हा संस्कृत संधीचा झिजलेला अवशेष नाही याचा पुरावा तिथेच आहे. अवशेष असता तर जगदीशाचा नियमही थोडाफार शिल्लक दिसला असता. मराठीने शेवटचा अ गमावल्यावर जी नवी परिस्थिती तयार झाली, तिच्यातून हा नियम नव्याने आला आणि स्वतःच्या मर्यादा घेऊन आला. दोन भाषांचे नियम अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर चालतात, कारण माणसाचे तोंड तेच आहे.

संस्कृतात स्वरापुढे बदल का होत असावा? वैदिक उच्चारांचे वर्णन करणाऱ्या प्रातिशाख्य ग्रंथांत अभिनिधान नावाचा एक प्रकार सांगितला आहे. त्यात व्यंजन दाबून, पूर्ण न सोडता उच्चारले जाते. शब्दाच्या शेवटचे स्पर्श असे दाबून म्हटले जात असतील, तर पुढे स्वर असला तरी त्यांचे उघडणे ऐकू येणार नाही, आणि ते पुढच्या घोषाला बळी पडतील. हा माझा तर्क आहे, पण त्याला संस्कृतातच एक आधार सापडतो. मरुत् या शब्दाला तृतीयेचा आ लागला की मरुता होते, त् तसाच राहतो. तोच मरुत् स्वतंत्र शब्द म्हणून उभा असेल आणि पुढे आगच्छति आले, तर मरुदागच्छति होते. दोन्ही ठिकाणी त् पुढे आ च आहे. फरक एवढाच की एका ठिकाणी शब्द संपला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. म्हणजे संस्कृतात तो द् ऐकणाऱ्याला सांगतो की इथे एक शब्द संपला.

मराठीत ही खूण नाही, आणि म्हणून या लेखाच्या शीर्षकातली जोडी तयार होते. ‘हात आला’ आणि ‘हाताला’ हे सलग बोलण्यात जवळजवळ सारखेच ऐकू येतात. ‘एक आला’ आणि ‘एकाला’ यांचेही तेच. शब्दाची सीमा त् आणि आ यांच्यामधून गेली आहे की नाही, हे ध्वनी सांगत नाही, वाक्य सांगते. स्वरापुढे व्यंजन शाबूत राहते याची किंमत मराठी अशी मोजते.

व्यंजनापुढे ती वेगळी किंमत मोजते. लहान मुलाशी खेळताना आपण म्हणतो ‘नाक दाखव’, आणि गारुड्याला म्हणतो ‘नाग दाखव’. पुढे द आहे, म्हणून दोन्ही ‘नाग्दाखव’ होतात. आता क्रियापद बदलून ‘नाक पकड’ आणि ‘नाग पकड’ म्हणा. पुढे प आला, दोन्ही ‘नाक्पकड’ झाली. जो क आणि ग एरवी दोन वेगळे शब्द घडवतो, त्यातला भेद दोन्ही वेळा मिटला, एकदा ग च्या बाजूने आणि एकदा क च्या बाजूने. ‘नाक आहे’ आणि ‘नाग आहे’ म्हटले की भेद लगेच परत येतो. बोलणाऱ्याच्या मनात शब्द कोणता आहे हे तपासायचे असेल तर त्याच्यापुढे स्वर आणून पाहावा, ही पद्धत इथून मिळते.

शाळेसाठी ही पद्धत उपयोगी आहे, आणि सध्याच्या शिकवण्यातला तोटा इथेच दिसतो. श्रुतलेखनात मूल ‘नाकपूर’, ‘आचकाल’ किंवा ‘एगदा’ लिहिते तेव्हा ‘नीट ऐकत नाहीस’ किंवा ‘घरी अशुद्ध बोलतात वाटतं’ असा शेरा मिळतो. मुलाने नीट ऐकलेले असते, आणि शेरा मारणारेही घरी ‘आच्काल’च म्हणतात. चूक आहे ती ध्वनी आणि लिपी यांच्यातले अंतर माहीत नसण्याची. त्या मुलाला ‘आज आला’ म्हणून दाखवले की ज ऐकू येतो, ‘नाग आला’ म्हटले की ग ऐकू येतो, आणि काय लिहायचे ते त्याचे त्यालाच सापडते. याऐवजी ‘प्रत्येक शब्द सुटा उच्चारा’ असे शिकवले, तर शुद्ध म्हणून तयार होते ती अशी मराठी, जी वाचनाच्या तासाबाहेर कोणी बोलत नाही. ना. गो. कालेलकरांचे ‘ध्वनिविचार’ मराठीत उपलब्ध आहे, अशोक केळकरांनी मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात प्रबंध लिहिला. अभ्यास झालेला आहे. तो संधीच्या प्रकरणाच्या उंबरठ्याशी अडला आहे.

जुन्या व्याकरणकारांना हे अंतर चांगले ठाऊक होते. ऋग्वेदाचा संहितापाठ म्हणजे संधीसह सलग म्हटलेला पाठ आणि शाकल्याचा पदपाठ म्हणजे शब्द सुटे करून दिलेला पाठ, असे दोन्ही जपले गेले. परंपरेने असेही सांगितले की शब्दाच्या आत आणि समासात संधी अटळ आहे, वाक्यातल्या दोन शब्दांमध्ये मात्र तो बोलणाऱ्याच्या इच्छेवर आहे. आपल्या पुस्तकांनी यातला अटळ भाग घेतला आणि इच्छेचा भाग सोडून दिला. मराठीला लागू पडणारा नेमका तोच भाग होता.

अर्थात मराठीत ‘इच्छा’ हा शब्द जपून वापरावा लागतो. ‘एग्गाडी’ ही कोणाची इच्छा नाही, ती आपोआप होते. खरी निवड आहे ती स्वरांच्या बाबतीत. ‘आला आहे’चे ‘आलाय’, ‘करतो आहे’चे ‘करतोय’, ‘नको आहे’चे ‘नकोय’ होते. मधला ह जातो, आहेचा आ आधीच्या स्वरात विरतो आणि ए चा य होतो. पण इथे बोलणाऱ्याला दोन्ही रूपे माहीत असतात, आणि कुठले कुठे वापरायचे हे तो ठरवतो. घरात ‘आलाय’, अर्जात ‘आला आहे’. निवड आहे म्हणून लेखकालाही ती दिसते. कथा-कादंबऱ्यांच्या संवादांत, नाटकांत आणि आता निवेदनातही ‘आलाय’ छापले जाते आणि कोणी हरकत घेत नाही. ‘एग्गाडी’ मात्र अस्सल ग्रामीण बोली लिहिणाऱ्या लेखकानेही लिहिलेले सहसा दिसत नाही. ते तर शहरातला आणि गावातला दोघेही म्हणतात. लिपी बोलण्यातली निवड टिपते आणि आपोआप घडणारे सोडून देते.

या दोहोंच्या मध्ये कुठेतरी वरच्या वाक्याच्या शेवटचे ‘थांबणारेत’ आहे. तेही आहेतचेच आक्रसलेले रूप, आणि रोज ऐकू येते. पण ‘आलाय’ला छापील पानावर जी सहज जागा मिळाली ती त्याला अजून मिळालेली नाही. संवादात ‘थांबणारेत’ लिहिले तर काही संपादक ते फोडून ‘थांबणार आहेत’ करतात, आणि त्याच ओळीतल्या ‘आलाय’ला हात लावत नाहीत.